काट्यावरचा एक आकडा, देहातल्या दोन रेषा

१

कोल्हापुरातल्या तालमीत एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सुगीसाठी गावाकडे गेलेला एखादा पोरगा दीड-दोन महिन्यांनी परत येतो, लंगोट कसून हौद्यात उतरतो आणि वस्ताद त्याच्याकडे एकदाच नजर टाकून म्हणतात, "वजन वाढलंय रं तुझं, पण अंग भरलं न्हाई. सुटलंय." पोरगा खाली मान घालतो. काट्यावर तो तीन किलोंनी वाढलेला असतो आणि घरच्यांनी त्याचं कौतुकही केलेलं असतं. वस्तादांच्या लेखी मात्र ती वाढ नसते.

मी पैलवान नाही. कुस्तीच्या जुन्या स्मरणिका, मैदानांची पत्रकं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं जमवण्याचा नाद मला तीसेक वर्षांपूर्वी लागला. त्यात मल्लांची उंची, छाती, वजन यांचे आकडे सतत भेटत राहिले आणि मग शरीर मोजण्याच्या शास्त्राकडे वळलो. जे शिकलो ते वाचून आणि मोजून. त्यामुळे प्रस्तुत लेखातली समीक्षा एखाद्या पुस्तकाची नाही, 'वजन' नावाच्या आकड्याची आहे. इतक्या विश्वासाने वाचला जाणारा आणि इतका चुकीचा वाचला जाणारा मजकूर माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

वस्तादांच्या वाक्यात 'भरणं' आणि 'सुटणं' ही दोन क्रियापदं आहेत. अंग भरतं, पोट सुटतं. 'पोट भरलं' म्हटलं की जेवण झालं असा अर्थ होतो, आणि 'दंड सुटले' असं कौतुकानं कोणी म्हणत नाही. मराठीने या दोन वाढींना वेगवेगळी नावं दिली आहेत. चरकसंहितेतही मांस आणि मेद हे स्वतंत्र धातू आहेत आणि अतिस्थूल माणसाबद्दल तिथे असं म्हटलं आहे की त्याचा मेदच तेवढा वाढत राहतो, बाकीचे धातू त्या प्रमाणात वाढत नाहीत. निरीक्षण जुनं आहे. काटा आला आणि त्याने दोन्ही वाढींची बेरीज करून एकच आकडा हातात दिला. ही बेरीज पुन्हा सोडवायची, म्हणजे देहाचं वजन किलोतला मेद आणि किलोतलं उरलेलं शरीर असं विभागायचं, आणि महिनोन्‌महिने त्या दोन रेषा वेगवेगळ्या काढत राहायच्या, हा या लेखाचा विषय आहे. मेदाच्या वजनाला मी मेदभार म्हणेन. स्नायू, हाडं, रक्त, आतडी, यकृत आणि शरीरातलं सगळं पाणी यांचं मिळून जे उरतं, त्याला मेदेतर भार.

खाशाबा जाधवांचं उदाहरण घेऊ. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ५२ किलोंच्या गटात लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोंच्या गटात त्याने कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या दोन गटांत पाच किलोंचं अंतर आहे. त्या चार वर्षांत त्यांच्या अंगावर नेमकं काय चढलं, हा प्रश्न मी माझ्या कात्रणांना कितीदा तरी विचारला. गटाची मर्यादा कळते, मल्लाचं शरीर कळत नाही. हेलसिंकीची कुस्ती पाहता ते अंग भरलं असणार, सुटलं नसणार, असा तर्क करता येतो. पण तो तर्क आहे, नोंद नव्हे.

२

ज्या वर्षी या देशात 'चले जाव'ची हाक दिली गेली, त्या १९४२ साली अमेरिकी नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेंकी आणि त्यांचे सहकारी एका विचित्र अडचणीशी झगडत होते. सैन्यभरतीसाठी उंची-वजनाचे तक्ते होते. त्यांनी पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले, तेव्हा तक्त्यानुसार त्यांतले सतरा जण अतिवजनामुळे भरतीला नालायक ठरत होते. बेंकींनी त्यांचं वजन हवेत केलं आणि मग पाण्याखाली केलं. आर्किमिडीजचंच तत्त्व. मेद पाण्यापेक्षा हलका असतो, त्याची घनता सुमारे ०.९. मेदेतर शरीर पाण्यापेक्षा जड, सुमारे १.१. म्हणून ज्याच्या अंगात मेद जास्त, तो पाण्याखाली हलका भरतो. हे 'नालायक' खेळाडू पाण्याखाली चांगलेच जड भरले. त्यांचं वजन मेदाचं नव्हतंच. कोल्हापूरच्या लाल मातीत हे सांगायला पाण्याचा हौद लागला नसता, पण किती किलो आणि किती नाही, हे सांगायला लागला असता.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आपल्या पुण्यातून आली. केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे अभ्यासक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा मजकूर स्वतःच्या छायाचित्रासह छापला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन सडपातळ गृहस्थ. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. तक्त्याच्या हिशेबाने दोघेही आदर्श. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के होता आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सारख्याच आकड्याखाली दुपटीहून अधिक मेद लपला होता.

याज्ञिकांना हे आधीच दिसलं होतं, ते नवजात बाळांत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतपणांचा त्यांच्या गटाने अभ्यास केला आणि त्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिकडच्यांचं सुमारे ३.५ किलो. ही तफावत सगळ्या अंगांत सारखी वाटली गेली असती, तर आपलं बाळ म्हणजे तिकडच्या बाळाची लहान प्रत झालं असतं. तसं नव्हतं. दंड बारीक होते, पोटातले अवयव लहान होते, पण खांद्याच्या पात्याखालची चिमटी, म्हणजे कातडीखालचा मेद, त्या मानाने जवळपास टिकून होता. उणीव मुख्यतः मेदेतर भारात होती. वजनाचा एकच आकडा पाहणाऱ्याला हे मूल नुसतं 'हलकं' दिसतं. दोन आकडे पाहणाऱ्याला ते बारीक आणि तरीही मेदयुक्त दिसतं, आणि पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची वाट कुठून निघते याचा एक धागा हाती लागतो.

बेंकींचे खेळाडू जड असून मेदाचे नव्हते आणि पुण्याची बाळं हलकी असून मेदाची होती. एकच आकडा दोन्ही दिशांनी फसवतो.

३

इथे वाचक म्हणेल की मग मेदाचे टक्के पाहावेत, किलो कशाला? मीही बरीच वर्षं टक्केच मांडत होतो. माझा हा भ्रम माझ्याच आजारपणाने दूर केला, म्हणून ते सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी, पन्नाशी ओलांडल्यावर, मला विषमज्वर झाला. अठरा दिवस अंथरुणात गेले. त्याआधी चार महिने एक शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, माझे मित्र, दर महिन्याला माझ्या चार चिमट्या मोजत असत. दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडावर. बोटांनी कातडी आणि तिच्याखालचा मेद स्नायूपासून अलग उचलायचा, कॅलिपर लावायचा आणि दोन सेकंदांनी मिलिमीटरमध्ये वाचायचं. चारही आकड्यांची बेरीज घेऊन, वय पाहून, ड्यूर्निन आणि वोमर्सली यांच्या १९७४ सालच्या सूत्राने घनता काढायची. मग ४९५ ला त्या घनतेने भागून ४५० वजा केले की मेदाचे टक्के मिळतात. ते वजनाला लावले की मेदभार, आणि वजनातून तो वजा केला की मेदेतर भार.

आजारापूर्वी माझं वजन ६८ किलो आणि चिमट्यांची बेरीज ४८ मिलिमीटर होती. मेद २५.७ टक्के, म्हणजे १७.५ किलो, मेदेतर ५०.५ किलो. अंथरुणातून उठलो आणि चार दिवसांनी मोजलं, तर वजन ६२ किलो आणि बेरीज ४६ मिलिमीटर. मेद २५.१ टक्के. माझ्या वहीत टक्क्यांचा आलेख होता, तो किंचित खाली उतरला. त्या आलेखाच्या भाषेत माझी प्रकृती सुधारली होती. प्रत्यक्षात मला भिंत धरल्याशिवाय जिना चढता येत नव्हता. किलोत मांडल्यावर खरी गोष्ट समोर आली. मेद १७.५ वरून १५.५ झाला होता, पण मेदेतर भार ५०.५ वरून ४६.५ झाला होता. गेलेल्या सहा किलोंपैकी चार किलो मी ज्यावर उभा राहतो त्यातले होते.

टक्के असं का करतात, हे यातून कळतं. टक्का हा भागाकार आहे. वरचा मेद आणि खालचं वजन एकदम घटलं की भागाकार जागच्या जागी राहतो. उलटही घडतं. तालमीतल्या एखाद्या ७० किलोंच्या पोराच्या अंगात १४ किलो मेद असेल, तर तो २० टक्के झाला. वर्षभर जोर-बैठका आणि खुराक करून त्याने पाच किलो निव्वळ अंग भरलं आणि मेद एक ग्रॅमही हलला नाही, तरी टक्के १८.७ वर येतात. लोक म्हणतात चरबी उतरली. चरबी होती तिथेच आहे. टक्के खाली का आले, हे टक्के सांगत नाहीत. किलोतल्या दोन रेषा सांगतात.

माझी गोष्ट इथे संपत नाही. घरच्यांनी मला चारायला सुरुवात केली. गंगावेशीतलं म्हशीचं दूध, तुपाचे लाडू, आठवड्याला दोनदा पांढरा रस्सा, आणि दिवसभर आरामखुर्ची. साडेतीन महिन्यांत वजन पुन्हा ६८ किलो झालं. बहिणीने देवाला नारळ फोडला. "दादा, आता होतास तसा झालास," म्हणाली. काटाही तेच म्हणत होता. पण चिमट्यांची बेरीज ६१ मिलिमीटर आली. मेद २० किलो आणि मेदेतर ४८ किलो. मी होतो तसा झालो नव्हतो. अडीच किलो शरीर परतलंच नव्हतं आणि त्याच्या जागी अडीच किलो मेद येऊन बसला होता. काट्यावरचं वर्तुळ पूर्ण झालं होतं, माझ्यात भर पडली होती ती मेदाची.

हे माझंच वैशिष्ट्य असेल असं वाटून मी शोधाशोध केली, तेव्हा मिनेसोटा विद्यापीठातला अ‍ॅन्सेल कीज यांचा १९४४-४५ सालचा प्रयोग वाचनात आला. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं पोसावं हे कळावं म्हणून ३६ तरुण स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचं जवळजवळ पाव वजन उतरलं. नंतर त्यांना खायला घातलं, तेव्हा मेद आधी परतला आणि पूर्वीपेक्षा जास्त झाला, मेदेतर भार मात्र रेंगाळत मागून आला. आजारातून उठलेल्या माणसाचं 'वजन भरून येणं' आणि 'अंग भरून येणं' या दोन घटना आहेत आणि त्या एकाच वेळी घडत नाहीत.

पुढचं वर्षभर मी वस्तादांच्या सांगण्यावरून सकाळी सपाट्या आणि बैठका माझ्या वयाला झेपतील तेवढ्या केल्या, लाडू थांबवले, दूध आणि डाळी ठेवल्या. वर्षाअखेर वजन ६७.५ किलो. बारा महिन्यांत अर्धा किलो! काट्यावर विसंबणाऱ्याने सहाव्या महिन्यातच नाद सोडला असता. चिमट्यांची बेरीज ५२ आली होती. मेद २० वरून १८.२ किलो आणि मेदेतर ४८ वरून ४९.३ किलो. वजनाची रेषा जवळपास आडवी, पण तिच्या पोटात दोन रेषा एकमेकींपासून विरुद्ध दिशांना चाललेल्या.

४

आता या पद्धतीवरच उलटून बोलायला हवं. समीक्षा फक्त दुसऱ्याच्या आकड्याची करून चालत नाही.

पहिली गोष्ट अशी की मेदेतर भार कोणी मोजलेला नसतो. तो वजाबाकीतून उरलेला असतो. त्यामुळे मेद मोजताना झालेली प्रत्येक चूक उलट चिन्हाने दुसऱ्या रेषेत जाऊन बसते. चिमट्यांनी काढलेला मेदाचा टक्का खऱ्यापासून तीन-चार टक्क्यांनी सहज चुकू शकतो. माझ्या वजनावर ते दोन-अडीच किलो झाले. म्हणून माझ्या अंगात नेमका १७.५ किलो मेद होता, असं मी शपथेवर सांगणार नाही. शिवाय मूळ सूत्र स्कॉटलंडमधल्या माणसांवर बेतलेलं आहे आणि आपला मेद शरीरावर वेगळ्या तऱ्हेने वाटलेला असतो. पण चूक जर दर महिन्याला तीच आणि तेवढीच असेल, तर रेषेची जागा चुकते, तिची दिशा फारशी चुकत नाही. त्यासाठी हात एकच हवा, जागा त्याच हव्यात, वेळ तीच हवी. ४८ आणि ४६ मधला फरक हाताच्या चुकीत मावतो, ४८ आणि ६१ मधला मावत नाही. यावरून एक खूणही सापडते. वजन स्थिर असताना एकाच महिन्यात मेदाची रेषा दीड किलो वर आणि दुसरी बरोबर दीड किलो खाली गेली, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, तर शरीरावर शंका घेण्याआधी मोजणाऱ्यावर घ्यावी. पुढच्या महिन्यात त्या बहुधा जागेवर येतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. मेदेतर भारात जवळपास पाऊण हिस्सा पाणीच असतं. म्हणजे ही रेषा स्नायूची नव्हे, हे विसरता कामा नये. ताप, जुलाब, उन्हातला घाम, आदल्या रात्रीचा खारट रस्सा, या सगळ्यांनी ती एका दिवसात किलो-दीड किलो हलते. माझ्या आजारात गेलेल्या चार किलोंत पाण्याचा वाटा मोठा असणार आणि लगेच परतलेला दीड किलोही कदाचित बराचसा पाणीच असेल. मेदाची रेषा अशी उडी मारू शकत नाही. एक किलो चरबीत सात हजारांहून अधिक कॅलरी साठलेल्या असतात. तेवढ्या एका रात्रीत ना खाता येतात, ना जाळता येतात. म्हणून एका रात्रीत मेदाने उडी मारली तर मोजणी चुकली आहे, आणि मेदेतर भाराने मारली तर पाणी हललं आहे. पायाखालून आणि हातातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून मेद सांगणारी यंत्रं आता घरोघरी आली आहेत. ती मुळात शरीरातल्या पाण्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून बाकीचं रचतात. तहानलेल्या माणसाचं पाणी घटलेलं असतं, आणि यंत्र त्याचा अर्थ मेद वाढला असा लावतं. उपाशीपोटी, सकाळी, लघवीनंतर, व्यायामाआधी असा नेम ठेवला तरच त्या रेषेला काही अर्थ उरतो.

कुस्तीच्या जगाला हे पाणी फार महाग पडलं आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट पहिल्या दिवशी ५० किलोंच्या मर्यादेत बसली आणि अंतिम कुस्तीच्या सकाळी शंभर ग्रॅमने जास्त भरून बाद झाली. सारा देश त्या शंभर ग्रॅमबद्दल बोलला. त्या एका रात्रीत काट्यावर वर-खाली होत होता तो मुख्यतः मेदेतर भार होता, म्हणजे पाणी आणि पोटातलं अन्न. मेद त्या खेळात नव्हताच.

अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस तीन महाविद्यालयीन मल्ल असेच घाम काढून वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत जो नियम आला, तो या लेखाच्या विषयाचं सर्वांत रोकडं रूप आहे. हंगामाच्या सुरुवातीला मल्लाची लघवी तपासायची. ती दाट असेल, म्हणजे तो तहानलेला असेल, तर त्या दिवशी मोजणी नाही. पाणी पुरेसं असेल तरच मेद मोजायचा आणि मेदेतर भार काढायचा. त्याला ०.९५ ने भागून जो आकडा येईल, तो त्याचा किमान गट, कारण अंगात निदान पाच टक्के मेद राहिलाच पाहिजे. मेदेतर भार ५७ किलो असेल तर ६० किलोंखालच्या गटात त्याला उतरता येणार नाही, मग तो पाणी तोडून काट्यावर कितीही कमी भरो. इथे काट्याला बाजूला सारून मल्लाच्या मेदेतर भाराला निकाल द्यायला लावलं आहे.

आपल्याकडे खासबागेत उतरणाऱ्या किंवा गटात खेळणाऱ्या कित्येक पोरांचा गट अजून घाम काढून ठरतो. अंगात दोन कपडे जादा घालून मैदानाला फेऱ्या मारणारी, रात्रभर थुंकत बसणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा मेदेतर भार किती, हे कुठल्या वहीत लिहिलेलं मला दिसलं नाही. कॅलिपर, काटा आणि एक वही एवढंच लागतं. आणि महिन्यातून एकदा तोच हात.

गेल्या वर्षी मी माझी वही तालमीत नेली आणि वस्तादांना दोन रेषा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. आजारानंतरची ती जागा, जिथे वजन पूर्ववत झालं होतं आणि मेदाची रेषा वर, दुसरी खाली होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "हितं तू सुटला हुतास," ते म्हणाले. "मी तवाच सांगितलं हुतं." खरंच सांगितलं होतं. मी काट्यावर विश्वास ठेवला होता.